चाळीसपैकी आणि ऐंशीपैकी: प्रगतिपुस्तकात हरवलेला एकेक गुण

प्रश्न: माझी मुलगी नाशिकमध्ये सीबीएसईच्या शाळेत नववीत होती. प्रगतिपुस्तकावर ८०.०० टक्के आलेत. मी तिचे वर्षभराचे सगळे गुण मिळवले आणि सगळ्या ‘पैकी’ गुणांनी भागले, तर ८१.२४ येतात. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “टक्केवारी कॉम्प्युटर काढतो, तो चुकत नाही.” घरचे म्हणतात, सव्वा टक्क्यासाठी शाळेत जाऊन बोलू नकोस. प्रगतिपुस्तकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवते आहे. चूक कोणाची, माझी की शाळेची?
— एक आई, नाशिक

उत्तर:

ताई, दोघांचीही. गंमत म्हणजे तुमची पद्धत चुकीची असून उत्तर जवळपास बरोबर आलं आहे, आणि शाळेची पद्धत बरोबर असून उत्तर चुकलं आहे. घरच्यांना सांगा, शाळेत जायचं आहे. पण ८१.२४ हा आकडा घेऊन जाऊ नका. तो पहिल्याच मिनिटाला खोडला जाईल आणि मग खरी चूकही कोणी ऐकून घेणार नाही.

सुरुवात पुस्तकाच्या मागच्या बाजूपासून करू. तिथे बारीक अक्षरात नियम छापलेत. प्रत्येक विषयाला १०० गुण, त्यातले ८० वार्षिक परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. या २० मध्ये पाच-पाच गुणांचे चार भाग आहेत: पीटी म्हणजे पिरिऑडिक टेस्ट, मल्टिपल असेसमेंट, पोर्टफोलिओ आणि सब्जेक्ट एनरिचमेंट. पीटी वर्षात तीन, आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोनची सरासरी ५ पैकी धरायची. हा आराखडा सीबीएसईचाच आहे. तुमच्या शाळेने त्यात एक सोय केली आहे. सहामाही परीक्षेलाच दुसरी पीटी मानलं आहे. म्हणजे पहिली पीटी ४० गुणांची, दुसरी ८० गुणांची आणि तिसरी पुन्हा ४० गुणांची. शाळांमध्ये असं सर्रास करतात आणि त्यात काही वावगं नाही. फक्त ही ४०-८०-४० ची रचना लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथेच आहे.

आता एकच विषय घेऊ आणि कागदावर एकेक पायरी मांडू. मी गणित घेतो, कारण त्यात फरक सगळ्यात जास्त दिसतो. तुमच्या लेकीचे गणिताचे गुण असे आहेत: पहिली पीटी ४० पैकी ३१, सहामाही ८० पैकी ५२, तिसरी पीटी ४० पैकी ३४. मल्टिपल असेसमेंट ४, पोर्टफोलिओ ४, सब्जेक्ट एनरिचमेंट ५. वार्षिक ८० पैकी ५८.

पहिली पायरी, तिन्ही पीटी एकाच मापात आणायच्या. ३१ भागिले ४० म्हणजे ७७.५ टक्के. ५२ भागिले ८० म्हणजे ६५ टक्के. ३४ भागिले ४० म्हणजे ८५ टक्के. हे केल्याशिवाय ‘सर्वोत्तम’ कोणती ते ठरवताच येत नाही. नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर ५२ सगळ्यात मोठा आहे, पण टक्क्यांत पाहिलं तर सहामाहीच तिची सगळ्यात कच्ची परीक्षा आहे.

दुसरी पायरी, सर्वोत्तम दोन. त्या आहेत ८५ आणि ७७.५. सरासरी ८१.२५ टक्के.

तिसरी पायरी, त्याचे ५ पैकी गुण. ८१.२५ टक्के गुणिले ५ म्हणजे ४.०६२५. दोन दशांशांत ४.०६.

चौथी पायरी, बेरीज. ४.०६ अधिक ४, ४ आणि ५ म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे १७.०६. त्यात वार्षिकचे ५८ मिळवले की ७५.०६. पूर्णांकात ७५.

प्रगतिपुस्तकावर गणितात ७४ आहेत. आता गणिताच्या ओळीत बोट ठेवून डावीकडून उजवीकडे सरका. ४, ४, ५ आणि ५८ जुळतात. पीटीच्या रकान्यात मात्र ४.०६ च्या जागी २.६९ छापलंय. चूक सापडली ती इथे. शेवटचा टक्का घेऊन त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा एका विषयाची एक ओळ अशी सोडवली की दहा मिनिटांत कोणता रकाना फितूर आहे ते कळतं.

२.६९ अशक्य आहे हे तर गणित न करताही सांगता येतं. तिची सगळ्यात वाईट पीटी ६५ टक्क्यांची. समजा तिन्ही परीक्षांत तिला तेवढेच पडले असते, तरी ५ पैकी ३.२५ झाले असते. सरासरी कधीही सगळ्यात लहान आकड्याच्या खाली जात नाही आणि सगळ्यात मोठ्याच्या वर जात नाही. इथे तर सर्वोत्तम दोनची सरासरी आहे, आणि ती सगळ्यात वाईट एकीपेक्षाही कमी निघाली आहे. कुठलाही भाग तपासताना आधी ही वरची आणि खालची हद्द पाहायची. गणितासाठी ती ३.२५ ते ४.२५ आहे. छापलेला आकडा या हद्दीबाहेर असेल, तर पुढचा हिशोब करण्याआधीच चूक आहे हे पक्कं.

आता २.६९ आला कुठून? शाळेची एक्सेल शीट मी पाहिलेली नाही, पण असे आकडे स्वतःच आपला माग सांगतात. तीन गुणांतले दोन मोठे आकडे घ्या, टक्के न काढता: ५२ आणि ३४. बेरीज ८६, सरासरी ४३. ४३ भागिले ८० गुणिले ५ म्हणजे २.६८७५. दोन दशांशांत २.६९. तंतोतंत.

एका विषयात जुळलं तर तो योगायोग असू शकतो, म्हणून मी बाकीचेही करून पाहिले. इंग्रजीत तिला ३३, ६८ आणि ३५ आहेत. मोठे दोन ६८ आणि ३५, सरासरी ५१.५, भागिले ८० गुणिले ५ म्हणजे ३.२२. पुस्तकावर ३.२२ च आहे. मराठीत ३६, ७० आणि ३५, त्यांचे ३.३१, पुस्तकावर ३.३१. विज्ञानात २.७५ आणि समाजशास्त्रात ३.१३, तेही जुळले. पाचच्या पाच विषय जुळल्यावर शंकेला जागा राहत नाही. शीटमधलं सूत्र साधारण असं असणार:

```
=(LARGE(B2:D2,1)+LARGE(B2:D2,2))/2/80*5
```

LARGE हे फंक्शन दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा, दुसरा मोठा असं उचलून देतं. कोणता आकडा ४० पैकी आहे आणि कोणता ८० पैकी, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. रुपये आणि डॉलर एकाच गल्ल्यात टाकून मोजावेत तसं ते झालं. यात दोन गोष्टी एकदम बिघडतात. सहामाही ८० ची असल्याने तिचा आकडा बहुतेक वेळा मोठाच असतो, त्यामुळे ती कितीही कच्ची गेली तरी ‘सर्वोत्तम दोन’ मध्ये शिरते. आणि तिच्या जोडीला निवडलेली ४० गुणांची पीटीसुद्धा ८० नेच भागली जाते, म्हणजे तिची किंमत निम्मी होते. तुमच्या लेकीचे ४० पैकी ३४, म्हणजे चांगले ८५ टक्के, या सूत्राला ४२.५ टक्के दिसतात.

अशी चूक होते कशी, हेही सांगतो, कारण शिक्षकांवर राग काढण्यासारखं त्यात काही नाही. ज्या वर्षी तिन्ही पीटी सारख्याच गुणांच्या असतात, त्या वर्षी हेच सूत्र बिनचूक चालतं. फक्त खाली ८० ऐवजी तो आकडा असतो. पुढे कधीतरी सहामाहीला दुसरी पीटी धरायचं ठरतं, जुनी शीट कॉपी होते, आणि कोणीतरी ‘पैकी’ चा आकडा बदलून ८० करतो. तुमच्या शाळेत नेमकं असंच झालं असेल असं नाही, पण सूत्र पाहता हा मार्ग सगळ्यात सरळ दिसतो. वर्गशिक्षिका म्हणतात ते खरंच आहे, कॉम्प्युटर बेरजेत चुकत नाही. त्याला चुकीची बेरीज सांगितली तर तीही तो अगदी बिनचूक करतो.

बरोबर सूत्रासाठी आधी तीन नवे रकाने लागतात, प्रत्येकात एका पीटीचे गुण तिच्या स्वतःच्या ‘पैकी’ ने भागून. मग त्या तीन रकान्यांतले मोठे दोन घ्यायचे:

```
E2: =B2/40
F2: =C2/80
G2: =D2/40
H2: =(LARGE(E2:G2,1)+LARGE(E2:G2,2))/2*5
```

आता तुमच्या ८१.२४ कडे वळू. तुम्ही पाच विषयांच्या ओळीतले सगळे गुण मिळवलेत, त्यात आयटीचे १०० पैकी ८८ टाकलेत, एकूण १११७ झाले, आणि १३७५ ने भागलेत. बेरीज चोख आहे. पण अशा बेरजेत प्रत्येक परीक्षेला तिच्या ‘पैकी’ इतकं वजन मिळतं, शाळेने ठरवलेला भारांश मिळत नाही. एका विषयाचे तुमचे एकूण ‘पैकी’ होतात २५५. त्यात तीन पीटीचे मिळून १६०, म्हणजे जवळपास ६३ टक्के. नियमाप्रमाणे त्यांना हवेत फक्त ५ टक्के. आणि वार्षिक परीक्षेला, जिला ८० टक्के हवेत, तुमच्या हिशोबात मिळतात जेमतेम ३१. म्हणजे मुलीचं वर्ष तुम्ही मुख्यतः पीटीवर मोजलंत.

तरीही उत्तर बरोबरच्या इतकं जवळ का आलं? कारण तुमची लेक एकसारखं लिहिणारी आहे. पीटीत ऐंशीच्या आसपास, वार्षिकमध्येही ऐंशीच्या आसपास. सगळे आकडे एकाच पट्ट्यात असले की वजनं कशीही द्या, सरासरी फारशी हलत नाही. विषय सुटे करून पाहिलेत तर फरक उघडा पडेल. तुमच्या पद्धतीने गणितात ७३.७ येतात, खरे ७५.०६. समाजशास्त्रात तुमचे ८२.४, खरे ८१.१९. एका विषयात वर, एका विषयात खाली, आणि शेवटी एकमेकांना खाऊन टाकतात. जो मुलगा पीटीत आळस करून वार्षिकला जोर मारतो, त्याच्या बाबतीत हीच पद्धत दहा-बारा टक्क्यांनी सहज फसली असती.

आता खरा हिशोब पूर्ण करू. पाचही विषय वरच्या चार पायऱ्यांनी सोडवले की असं दिसतं:

इंग्रजी ८४.३१ (पुस्तकावर ८३)
मराठी ८८.४४ (८७)
गणित ७५.०६ (७४)
विज्ञान ७६.८१ (७६)
समाजशास्त्र ८१.१९ (८०)

पूर्णांकात घेतले तर ८४, ८८, ७५, ७७ आणि ८१. बेरीज ४०५, भागिले ५, म्हणजे ८१.०० टक्के. दशांश तसेच ठेवून बेरीज केली तर ४०५.८१, म्हणजे ८१.१६. पुस्तकावरची बेरीज ४०० आणि ८०.००.

८१.०० की ८१.१६, हा वाद शाळेत घालू नका. तो केवळ पूर्णांक कुठे करायचा याचा प्रश्न आहे. तुमच्या शाळेच्या पुस्तकावर विषयाची एकूण बेरीज पूर्णांकात छापलेली आहे आणि टक्केवारी त्या छापील बेरजांवरून काढली आहे, म्हणून त्यांच्या रीतीने बरोबर उत्तर ८१.०० होतं. मी पीटीचे गुणच आधी पूर्णांकात करूनही पाहिले. पाचही विषयांत ४ च येतात आणि बेरीज पुन्हा ४०५. मात्र ‘हा राउंडिंगचा फरक आहे’ असं तुम्हाला शाळेत नक्की सांगितलं जाईल, तेव्हा त्याची मर्यादा माहीत असलेली बरी. एक विषय पूर्णांकात करताना जास्तीत जास्त अर्धा गुण इकडे-तिकडे होतो. पाचही विषयांत दुर्दैवाने सगळे अर्धे एकाच बाजूला गेले, तरी पाच विषयांच्या सरासरीत फरक अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाही. इथे फरक आहे पूर्ण एक टक्का. तो राउंडिंगने येऊच शकत नाही.

आणि एक टक्का म्हणजे काहीच नाही असंही नाही. समाजशास्त्रात ८० ला श्रेणी बी१ आहे आणि ८१ ला ए२, कारण सीबीएसई शाळांच्या नववीच्या श्रेणीपट्ट्यात ७१ ते ८० बी१ आणि ८१ ते ९० ए२ असतं. म्हणजे एक श्रेणी खरंच बदलते.

आयटीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या ८१.२४ मध्ये ते आहे म्हणून सांगतो. पुस्तकाच्या मागे लिहिलंय की टक्केवारी पाच मुख्य विषयांवर काढली जाते. आयटी हा सहावा, कौशल्य विषय. त्याची विभागणीही वेगळी असते, ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. त्यामुळे शाळेने तो टक्केवारीत धरला नाही यात चूक नाही. तो धरायचा की नाही यावर आकडा बराच हलतो: फक्त मुख्य पाच धरले तर ८१.००, सहाही धरले तर ८२.१७, आणि सहांतले सर्वोत्तम पाच धरले तर गणित गळून आयटी आत येतं आणि ८३.६०. या तिन्हींत अंकगणिताची चूक कुठेच नाही, नियम तेवढे वेगळे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकावर सर्वोत्तम पाचची टक्केवारी छापून येते, त्यामुळे मराठी घरांत तीच एकमेव रीत वाटते. सीबीएसई तर दहावीच्या गुणपत्रकावर एकूण टक्केवारी छापतच नाही. कोणते पाच विषय धरायचे ते प्रवेश देणारी संस्था ठरवते. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी त्याची टक्केवारी कशावर काढली आहे ते विचारा.

शाळेशी बोलताना ‘माझ्या मुलीचे गुण वाढवून द्या’ असं म्हणू नका. ही चूक एका मुलीची नाहीच. पाचही विषयांत साधारण एक-सव्वा गुण सारखाच कमी पडतो आहे, म्हणजे बिघाड सूत्रात आहे आणि तेच सूत्र वर्गातल्या प्रत्येकाला लागलेलं असणार. सगळ्यांचे थोडे-थोडे कमी झाल्याने क्रमांक फारसे हलले नसतील, म्हणून कोणी तक्रारही केली नसेल. याउलट एकाच विषयात फरक असता, तर मी आकडा टाइप करताना झालेली चूक शोधली असती. ६३ च्या जागी ३६ असे अंक उलटे पडले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. जुने हिशोबनीस ही खूण वापरत. किंवा गैरहजेरीच्या जागी शून्य भरलंय का ते पाहिलं असतं, कारण एक्सेल सरासरी काढताना रिकामी चौकट सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. तुमच्याकडे यातलं काही नाही.

वर्गशिक्षिकांना एक साधा अर्ज द्या, एका पानाचा. त्यात फक्त गणिताच्या चार पायऱ्या, त्यांच्याच नियमाचा आधार देऊन, आणि शेवटी छापलेले २.६९. बाकीचे विषय लिहू नका. एक विषय कोणीही वाचतं, पाच विषयांचा तक्ता फायलीत जातो. आणि अर्जात एक विनंती घाला: शीटमध्ये एका मोकळ्या ओळीत पीटीचे गुण ४०, ८० आणि ४० भरून पाहावेत. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला ५ पैकी ५ यायला हवेत. या सूत्रात त्याला येतील ३.७५. हे शिक्षिकांनी स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं की तुम्हाला वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही. अर्ज देण्याआधी खात्री हवी असेल तर लेकीच्या दोन-तीन मैत्रिणींची पुस्तकं मागून पाहा. पीटीच्या रकान्यात कोणाचेच ३.७५ च्या वर गेलेले दिसणार नाहीत, अगदी पहिल्या आलेल्या मुलीचेसुद्धा. एकाच पुस्तकात ४.२ किंवा ४.५ दिसले, तर माझा अंदाज चुकला आणि शोध पुन्हा सुरू करायचा.

घरच्यांचा मुद्दा मला कळतो. नववीचे गुण बोर्डाच्या निकालात एरवी धरत नाहीत. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा राज्य मंडळाने दहावीच्या निकालात १०० पैकी ५० गुण नववीवरून दिले होते, पण तो अपवाद. तरीही मी तुम्हाला आत्ताच जायला सांगतो ते दहावीसाठी. पुढच्या वर्षी हेच पीटीचे ५ गुण शाळा अंतर्गत मूल्यमापनात धरून बोर्डाकडे पाठवणार, आणि ते खऱ्या गुणपत्रकात मिळणार. शीट तीच राहिली तर दर विषयाला एक गुण तिथेही जाईल. शाळेने गुण एकदा बोर्डाच्या संकेतस्थळावर भरले की ते बदलून मिळणं फार कठीण असतं. म्हणून दहावीत दुसरी पीटी संपली की वर्गशिक्षिकांकडे पीटीचे ५ पैकी झालेले गुण लेखी मागा, आणि वरच्या चार पायऱ्यांतल्या पहिल्या तीन पुन्हा करून पाहा. तिसरी पीटी झाल्यावर, गुण बोर्डाकडे जाण्याआधी, आणखी एकदा.